प्रतिसाद: औषधं आणि कागद केबिन बॅगेतच

> मुलगी ऑगस्टमध्ये मुंबईहून एमएससाठी अमेरिकेला चालली आहे. थायरॉइडची गोळी रोज लागते. औषधं किती न्यावीत, कुठल्या बॅगेत?

९० दिवसांपुरती न्या, आणि सगळी केबिन बॅगेत ठेवा. विमान बदलताना मोठी बॅग मागे राहू शकते. गोळ्या मूळ बाटलीत किंवा स्ट्रिपमध्येच हव्यात. जागा वाचवायला डबीत सुट्या भरल्या, तर गोळी कसली हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

डॉक्टरांकडून लेटरहेडवर चिठ्ठी घ्या. त्यावर पासपोर्टवरचं नाव, रोजचा डोस आणि ब्रँडऐवजी मूळ औषधाचं नाव हवं. आपल्याकडच्या थायरॉक्सिनला तिकडे लेव्होथायरॉक्सिन म्हणतात, पॅरासिटामॉलला असेटामिनोफेन. ताजा टीएसएच रिपोर्टही जोडा, तिकडच्या डॉक्टरांना डोस ठरवायला तो लागतोच.

पासपोर्ट, सही केलेला आय-२०, सेव्हिस फीची पावती आणि पैशांची कागदपत्रं याच बॅगेत, वरच्या कप्प्यात. अमेरिकेत उतरल्यावर आधी इमिग्रेशन होतं, मोठ्या बॅगा त्यानंतर मिळतात. म्हणून कागद त्या बॅगांत नकोत.

वजनात एक चूक हमखास होते. तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा असतील, तर एक २५ आणि दुसरी २१ चालत नाही. बेरीज ४६ भरली तरी २५ वाल्या बॅगेचे जादा पैसे लागू शकतात, नाहीतर विमानतळावर काउंटरसमोर बॅगा उघडून सामान हलवावं लागतं. घरीच काट्यावर तोला आणि प्रत्येक बॅग २२ वर थांबवा, कारण घरचा काटा थोडा चुकू शकतो. पॉवर बँक मात्र चेक-इनमध्ये टाकू नका, ती केबिनमध्येच लागते.