बाबांचा नंबर बदलला, एसएमएस येतात पण पेमेंट ॲपला खातं सापडत नाही. मदत हवी आहे

पायरीवरचा: बाबांचा प्रीपेड नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडला. आमच्या लक्षात येईपर्यंत सात-आठ महिने गेले आणि तो नंबर दुसऱ्याच कुणाला मिळाला. फोन लावला की एक बाई उचलतात. नवीन सिम घेतलं, शाखेत नंबर बदलायचा अर्ज दिला. तीन दिवसांनी पेन्शन जमा झाल्याचा एसएमएस नव्या नंबरवर आला, म्हटलं झालं काम. पण पेमेंट ॲपमध्ये बँक निवडली की या नंबरवर खातं नाही असं येतं. ॲप दोनदा काढून परत टाकलं. शाखेतले म्हणतात आमच्याकडून झालंय, ॲपवाल्यांना विचारा. खातं आई-बाबांचं जॉइंट आहे. काय राहिलंय?

उन्हाळी_पाऊस: माझाही फोन चोरीला गेला होता. त्याच नंबरचं सिम परत घेतलं, पहिला दिवसभर ॲप नोंदणीच करू देईना. मग कळलं की सिम बदललं की 24 तास एसएमएस बंद असतात. दुसऱ्या दिवशी आपोआप झालं. थांबा एक दिवस.

पायरीवरचा: आमचा नंबरच नवा आहे हो, आणि सिम घेऊन तीन आठवडे झाले.

गोधडी: आधारला नवा नंबर लावा. सगळीकडे आपोआप बदलतो.

जुना_काउंटर: आपोआप नाही बदलत. आधारचा नंबर आधारपुरता, बँकेचा बँकेत वेगळा बदलावा लागतो. आधारचं काम करून ठेवा, पण तुमची अडचण त्याने सुटणार नाही.

मी बरीच वर्षं काउंटरवर काढली आहेत. बँकेत नंबर एकाच जागी असतो असं लोकांना वाटतं. बऱ्याच ठिकाणी तसं नसतं. खात्याच्या एसएमएससाठी लावलेला नंबर वेगळा आणि ग्राहक क्रमांकाखाली किंवा मोबाइल बँकिंगला नोंदलेला वेगळा असू शकतो. अर्ज घेणाऱ्याने पहिलाच बदलला की एसएमएस सुरू होतात, आणि सगळ्यांचा समज होतो की काम झालं.

ॲप काय करतं ते बघा. तुमच्या सिमवरून एक एसएमएस गुपचूप बाहेर पाठवतं, त्यावरून नंबर तुमचाच आहे हे ठरतं. मग त्या नंबरावर कुठलं खातं आहे हे बँकेला विचारतं. बँकेच्या नोंदीत तिथे जुना नंबर असेल तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. त्यात ॲपचा दोष नाही, ते कितीही वेळा काढून टाका.

तेव्हा शाखेत ‘नंबर बदलला का’ असं विचारू नका. बाबांच्या ग्राहक क्रमांकाखाली आणि मोबाइल बँकिंगला कोणता नंबर दिसतो ते स्क्रीनवर बघून सांगा, असं म्हणा. आणि जॉइंट खातं दोघांच्या सहीने चालणारं असेल तर त्यावर यूपीआय मिळत नाही, ‘दोघांपैकी कोणीही’ असं लागतं.

उन्हाळी_पाऊस: दोन सिमचा फोन असेल तर ॲपमध्ये बरोबर सिम निवडलंय ना? आणि त्यात एसएमएस जाण्याइतका बॅलन्स? आमच्याकडे एकदा एवढंच होतं.

पायरीवरचा: सिम एकच आहे, एसएमएस जातो. आज शाखेत गेलो होतो. जुना_काउंटर, तुमचं बरोबर निघालं. ग्राहक क्रमांकाखाली जुनाच नंबर होता! खातं ‘दोघांपैकी कोणीही’च आहे. बाबांना घेऊन जाऊन परत सही दिली.

म्हणजे इतके दिवस त्या बाईंनी ॲप उघडलं असतं तर बाबांचं खातं त्यांना दिसलं असतं?

जुना_काउंटर: दिसलं असतं, शेवटचे काही आकडे तेवढे. पैसे काढता आले नसते, कारण पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष लागतं, नाहीतर आधारचा ओटीपी. पण बाबांचा जुना नंबर टाकून पैसे पाठवणारे कोणी असतील तर त्यांना आजच सांगा. त्या बाईंनी त्या नंबरवर यूपीआय सुरू केलं असेल तर रक्कम त्यांच्याकडे जाईल.

पायरीवरचा: ताजी खबर: आज ॲपला खातं सापडलं. पण पिन अडलाय. बाबांच्या कार्डाची मुदत मार्चमध्येच संपली, आणि आधारचा ओटीपी त्याच बाईंच्या फोनवर जाणार. (गोधडी, तुमचा सल्ला वेगळ्या कारणाने खरा ठरला.)

गोधडी: 🙂 बघा.

जुना_काउंटर: नवीन कार्डाचा अर्ज द्या, ते आलं की एटीएमवर कार्डाचा पिन करून घ्या आणि मग ॲपमध्ये यूपीआयचा पिन. सुरू झाल्यावर पहिले 24 तास मर्यादा 5000 रुपयांपर्यंतच असते, तेव्हा मोठी रक्कम अडली तर पुन्हा शाखेत धावू नका.

पायरीवरचा: कार्ड यायला दहा दिवस म्हणाले. आधारला नंबर आधी बदलून झाला तर तेच वापरेन. जुन्या नंबरच्या यूपीआय आयडीचं काय करायचं, ते बंद झालंय का, हे मात्र शाखेत कुणी नीट सांगितलं नाही. कुणाला अनुभव असेल तर लिहा.