अनुभव धागा: जुनी पोस्ट काढली, तरी ती फिरतेच आहे. तुमचं काय झालं?

मागवाला
मे 2020. लॉकडाऊनमुळे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले आमचे माग बंद, गोडाऊनमध्ये चादरी पडून. मी फेसबुकवर फोटो टाकला : 'डबल चादर 350 रुपये, कारखाना बंद करतोय, लगेच फोन करा.' खाली दादांचा, म्हणजे वडिलांचा नंबर. माल पंधरा दिवसांत खपला, पुढे माग परत सुरू झाले. पोस्ट मी 2022 मध्ये काढून टाकली.
तरी दर गड्डा जत्रेला दादांना फोन येतात : '350 ची आहे का ओ?' ते एक परवडलं. यंदा सूतवाल्यानं उधारी थांबवली, म्हणाला, 'कारखाना बंद करालाय म्हणे.' तुमच्यापैकी कुणाला अशी पोस्ट पुरती काढता आली का? काय निघालं, काय राहिलं ते लिहा.

सातरस्ता
मूळ पोस्ट उडवली की तिचे सगळे शेअरपण जातात. तीस दिवस ट्रॅशमध्ये राहते, मग संपलं. फोन दुसरीकडून येत असणार.

शेंगाचटणी
शेअर बटण दाबून केलेले शेअर रिकामे होतात, तेवढं बरोबर. पण शेअर करताना कुणी वर स्वतः 'अमुक चादरवाले बंद होतायत, नंबर हा' असं टाइप केलं असेल, तर ते त्यांचं लिखाण, ते तसंच राहतं. आणि फोटो उतरवून नव्यानं टाकला असेल, तर त्या पोस्टचा तुमच्या पोस्टशी काही संबंधच उरत नाही.
मागवाला, तुम्ही आधी डिलीट केलं तिथंच घोळ झाला. कुणी शेअर केलं ती यादी पोस्टखालीच असते, पोस्टबरोबर तीही जाते. माझ्या बहिणीच्या शिवणक्लासची जुनी फी अशीच फिरत होती. आम्ही पोस्ट उडवली नाही, मजकूर बदलला : 'ही 2018 ची फी आहे, आता चौकशी करून या.' मूळ पोस्ट बदलली की शेअरमध्येही बदललेला मजकूर दिसतो. आठवडाभर तशी ठेवली, यादीतल्या एकेकाला मेसेज केला, मग 'ओन्ली मी' केली. यादीत 23 जण होते. तिघांनी फोटो वेगळा टाकलेला. दोघांनी काढला, तिसरं एका गावाचं पेज आहे, तिथं मेसेज कुणी वाचतच नाही. तो फोटो अजून आहे.
एक खोच : मजकूर बदलला तरी एडिट हिस्टरीत जुना दिसतो. फोन नंबर लपवायचा असेल तर हा उपाय नाही. भाव चुकीचा जात असेल तर चालतो.

हुरडा
माझं पण असंच. सासरच्या गटात चुकून भलताच फोटो गेला, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर 'सगळ्यांसाठी डिलीट' येईचना. काय करावं?

शेंगाचटणी
तो प्रश्न वेगळा ओ. व्हॉट्सॲपवर त्याला साधारण अडीच दिवसांची मुदत असते. मुदतीत काढलं तरी दुसऱ्यानं पुढं पाठवलेली प्रत जात नाही.

पार्कचौक
फोटो तुमच्या मालाचा, म्हणजे कॉपीराइट तुमचा. त्या पेजांवर तक्रार टाका, निघेल.

मागवाला
माल आमचा, पण फोटो मामेभावानं काढला होता. हक्क काढणाऱ्याचा, म्हणजे तक्रार त्यानं करायची. आणि तक्रार करणाऱ्याचं नाव, ईमेल समोरच्याला कळू शकतं म्हटल्यावर तो सरळ नको म्हणाला. शिवाय व्हॉट्सॲपवर कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे हे शोधायचं कसं?

शेंगाचटणी
फोन करणाऱ्यालाच म्हणा, 'तुमच्याकडं आलेलं चित्र मला पाठवा.' चित्राच्या कडा नीट बघा.

मागवाला (आठ दिवसांनी)
सात जणांकडून चित्र मागवून घेतलं. सातही एकच! वर 11:42, बॅटरी 17 टक्के, आणि खाली लाइक-कमेंटची बटणं कन्नडमध्ये. म्हणजे सगळं एकाच स्क्रीनशॉटमधून फुटलेलं. कन्नडमधला फोन म्हटल्यावर इंडीची आत्या आठवली. विचारलं तर म्हणते, 'अरे, तुमचा माल खपावा म्हणून मीच गावातल्या सगळ्या गटांत टाकलं होतं की.'
आता तिला रागवायचं तरी कसं!
गटांतून काढायची मुदत कधीच सरलेली, आणि पुढं गेलेल्या प्रती तिच्याही हातात नाहीत. पण कुठल्या गटांत टाकलं ते तिला पाठ. त्याच गटांत तिनं आता नवा फोटो टाकलाय : आजची तारीख, आजचा भाव, 'कारखाना चालू आहे'. मीही तोच फेसबुकवर टाकला. सूतवाल्याला मात्र दादांनी कारखान्यात बोलावून माग चालताना दाखवले.

सातरस्ता
मग फोन थांबले का?

मागवाला
काल चार आले. तीन 350 चेच. चौथ्यानं नवा फोटो बघितलेला, त्याला भाव जास्त वाटला.