अनुभव धागा: पहिल्यांदाच आलेल्याच्या पुल रिक्वेस्टला तुम्ही काय उत्तर लिहिता?

अंकमाला
आकडे मराठी अक्षरांत लिहून देणारी एक छोटी लायब्ररी मी सांभाळते. गेल्या आठवड्यात एका अनोळखी मुलाची पहिलीच पुल रिक्वेस्ट आली. ५९ ला आमचा कोड 'एकोणपन्नास' म्हणायचा, त्यानं 'एकोणसाठ' केलं. बदल एका शब्दाचा, पण त्याच्या एडिटरनं सगळ्या टॅबच्या स्पेस केल्या आणि दोनशेच्या वर ओळी लाल-हिरव्या झाल्या. टेस्टही नव्हती.

दोन वर्षांपूर्वी अशाच एकाला मी 'व्हाइटस्पेस नीट करा, टेस्ट घाला' एवढंच लिहून Request changes दाबलं होतं. अर्ध्या तासात त्यानं पुल रिक्वेस्ट बंद केली, पुन्हा आला नाही. ते मनात राहिलं, म्हणून या वेळी असं लिहिलं:

"नमस्कार. ५९ ची चूक तुम्ही बरोबर पकडलीत. मी चालवून पाहिलं, ही दुरुस्ती आपण घेणार आहोत. त्याआधी दोन गोष्टी. बाकीच्या ओळींतले टॅब आधीसारखे करा, नाहीतर कोणती ओळ कोणी कशासाठी बदलली हे पुढे इतिहासात शोधता येत नाही. आणि टेस्टच्या फाइलमध्ये ४९ ची ओळ आहे, तिच्याखाली तशीच ५९ ची टाका. नवी पुल रिक्वेस्ट उघडू नका, याच ब्रँचवर पुश केलं की इथे आपोआप दिसेल. टॅबचं जमलं नाही तर सांगा, तेवढं मी करते."

दुसऱ्या दिवशी दोन्ही झालं. तुमचे अनुभव सांगा.

कृष्णाकाठ
'घेणार आहोत' हे आधी लिहिलंत, तिथेच अर्धं काम झालं. मी पहिल्या वेळी Request changes दाबतच नाही, Comment निवडतो. लाल खूण दिसली की नवख्याला वाटतं, नाकारलं. शिवाय ब्रँचला रिव्ह्यूची अट असेल तर ती खूण देणाऱ्यानं पुन्हा मंजुरी देईपर्यंत किंवा कोणी ती काढून टाकेपर्यंत मर्ज अडतं, आणि नेमका तोच माणूस गावाला गेलेला असतो.

अजून एक. पहिल्यांदा येणाऱ्याच्या चाचण्या GitHub बहुधा आपण Approve and run दाबल्याशिवाय चालवत नाही. तो बिचारा पिवळ्या ठिपक्याकडे बघत बसतो. आधी कोड वाचा, मग बटण दाबा, मग उत्तर लिहा.

रोजचा_कमिट
एवढं लिहायचंच कशाला? सजेशन द्या, तो एक बटण दाबेल, झालं. मी सगळं असंच करतो.

```suggestion
	59: "एकोणसाठ",
```

कृष्णाकाठ
एका शब्दासाठी उत्तम. पण सजेशन डिफमध्ये दिसणाऱ्या ओळींवरच देता येतं. इथे टेस्टची फाइल त्यानं उघडलीच नव्हती, तिथे कसं देणार? तेव्हा Allow edits by maintainers ची खूण असेल तर त्याच्या ब्रँचवर आपण कमिट करू शकतो. फोर्क एखाद्या संस्थेच्या खात्यावर असेल तर तीही सोय नाही.

पहिली_पायरी
मी पलीकडच्या बाजूची. माझ्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर चौदा शेरे आले, त्यातले नऊ `nit:` नं सुरू होणारे. ते ऐच्छिक असतात हे मला कोणी सांगितलंच नाही. शेवटी 'कमिट एकत्र करा' असं होतं. रीबेस करताना गोंधळले, फोर्क उडवला, सगळं पुन्हा लिहिलं. मर्ज करताना Squash and merge नं त्यांनाच ते एका क्लिकमध्ये करता आलं असतं, हे नंतर कळलं. काय केलंच पाहिजे आणि काय सोडलं तरी चालेल, एवढं वेगळं लिहिलं असतं तरी माझे दोन दिवस वाचले असते.

टीमलीड_पुणे
आमच्याकडचे फ्रेशर तर तीन-तीनदा सांगूनही टेस्ट लिहीत नाहीत. त्यांना असं गोड लिहून काय होणार?

अंकमाला
दादा, तुमचे फ्रेशर उद्या सकाळी ऑफिसात येणारच आहेत. हा मुलगा रात्री अकरा वाजता स्वतःच्या वेळात आला होता, त्याला परत यायचं बंधन नाही.

रोजचा_कमिट
सजेशनची मर्यादा मान्य. पण मग टॅब तुम्हीच का नाही केलेत? पाच मिनिटांचं काम.

अंकमाला
केले असते. पण स्वतः पुश करून चाचण्या हिरव्या झालेल्या त्याला दिसाव्यात असं मला वाटत होतं. आठवडाभर उत्तर आलं नसतं तर मी केलं असतं, त्याचा कमिट त्याच्याच नावावर ठेवून.

पहिली_पायरी
मला मात्र कोणी करून दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

अंकमाला
हं. पुढच्या वेळी आधी विचारेन. टॅबची चूक खरं तर आमचीच, नियम कुठे लिहिलेलाच नव्हता. आज ही फाइल टाकली:

```
# .editorconfig
[*.py]
indent_style = tab
```

कृष्णाकाठ
छान. फक्त VS Code ती आपोआप वाचत नाही, एक्स्टेंशन लागतं. CONTRIBUTING मध्ये तेवढी ओळ घाला.