‘पायाळू’ कोणाला म्हणावे?

माधवी, नाशिक रोड : माझ्या वहिनीला ३७वा आठवडा लागला आहे. दवाखान्यात बाळ पायाळू असल्याचे सांगितले, पण सोनोग्राफीत कुल्ले खाली आणि पाय सरळ चेहऱ्याकडे गेलेले दिसतात. अशा बाळालाही पायाळू म्हणतात का? डॉक्टर ते पोटावरून फिरवून पाहू म्हणतात.

रघुनाथ, पंचवटी : पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो. उसण भरली की अशाच माणसाची लाथ पाठीला लावून घेत. कुल्ल्याकडून येणाऱ्याला हा शब्द लावू नये. आणि बाळ फिरवण्यात नाळेला पीळ बसतो, त्यापेक्षा सरळ सिझेरियन करावे.

डॉ. शर्वरी, गंगापूर रोड : रघुनाथकाका, मूळ अर्थ आपण म्हणता तोच आहे, पण बोलण्यात दोन्ही प्रकारांना पायाळूच म्हणतात, आणि निर्णय घेताना नेमका हाच फरक महत्त्वाचा ठरतो. पाऊल खाली असेल तर पाणमोट फुटताच नाळ बाहेर सरकण्याची भीती अधिक असते, म्हणून तिथे योनिमार्गे प्रसूतीचा सल्ला आम्ही देत नाही. फिरवण्याची भीती मात्र प्रत्यक्षाहून मोठी वाटते. गर्भाशय सैल करणारे इंजेक्शन देऊन, कुल्ले ओटीपोटातून वर उचलून बाळाला हळूहळू वळवतात. आधी व नंतर ठोक्यांचा आलेख काढतात आणि ठोके मंदावले की थांबतात. तातडीने सिझेरियन करावे लागण्याची वेळ सुमारे २०० जणींत एकीवर येते. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा पाणी गेले असेल, तर फिरवू नये. माधवीताई, वहिनींचे हे कितवे बाळंतपण?

माधवी : दुसरे. पहिले नैसर्गिक झाले. वार वरच्या बाजूला आहे, पाणी पुरेसे आहे, रक्तगट मात्र ओ निगेटिव्ह आहे.

डॉ. शर्वरी : मग प्रयत्न करण्याजोगा आहे. पहिलटकरणीत दहापैकी चौघींचे, तर आधी बाळंत झालेल्यांत सहाजणींचे बाळ फिरते. रक्तगट निगेटिव्ह असल्यामुळे नंतर अँटी-डीचे इंजेक्शन मात्र चुकवू नये.

सुरेखा, सिडको : माझे पहिलेच होते आणि बाळ फिरले नाही. तेव्हा पुढे काय, हे मला आधी कोणी सांगितलेच नव्हते. त्याच दिवशी सिझेरियन होणार असे समजून मी रडले.

डॉ. शर्वरी : ते आधीच सांगायला हवे होते. बाळ फिरले नाही, तर ३९व्या आठवड्यानंतर ठरवून सिझेरियन किंवा योनिमार्गे प्रसूती असे दोन मार्ग उरतात. बाळ दगावण्याचा धोका सिझेरियनमध्ये दोन हजारांत एक, तर योनिमार्गे हजारांत सुमारे दोन असतो. उलट सिझेरियनचा व्रण पुढच्या गरोदरपणात वारेचा त्रास देऊ शकतो. दुसरा मार्ग निवडायचा, तर कुल्ले खाली, मान छातीकडे झुकलेली आणि अंदाजे वजन ३.८ किलोच्या आत असावे.

रघुनाथ : आणि असे बाळंतपण हाताळलेले डॉक्टर रात्री दोनला हजर असतील का?

डॉ. शर्वरी : हे त्या दवाखान्यालाच विचारावे लागेल. उत्तर ‘नाही’ असेल, तर बाकीच्या अटी जुळूनही मी तो मार्ग सुचवणार नाही.

माधवी : बुधवारी तपासणी आहे, तेव्हा हेच विचारते. मानेबद्दल अहवालात काहीच लिहिलेले नाही.