एक्सपायरी औषधांचा परतावा: उरलेली रक्कम खात्यात कशी दाखवायची?

> "१०,००० चा एक्सपायरी माल पाठवला, क्रेडिट नोट ७,००० चीच आली. बाकी ३,००० कुठे टाकू?"

आधी क्रेडिट नोट बॅचवार ताडून बघा. बहुतेक वेळा नाकारलेला माल म्हणजे कापलेल्या स्ट्रिपा असतात, ज्यांवर बॅच नंबरच उरलेला नसतो. म्हणून विकताना नेहमी बॅच नसलेल्या टोकाकडून कापा.

माल पाठवताना लगेच नुकसान दाखवू नका. 'परतावा येणे' असं वेगळं खातं उघडून १०,००० तिथे ठेवा, म्हणजे किती अडकलंय ते दिसतं. क्रेडिट नोट आली की ७,००० डिस्ट्रिब्युटरच्या खात्यात वळवा. तिच्यात जीएसटी वेगळा लावलेला असेल तर ७,००० वरचे ५ टक्के, म्हणजे ३५० रुपये, तुमच्या आयटीसीतून कमी होतील.

नाकारलेला ३,००० चा माल नष्ट करून राइट ऑफ केलात, की जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(h) प्रमाणे त्याचा आयटीसी परत करावा लागतो. ५ टक्क्यांनी घेतलेला असेल तर १५० रुपये, GSTR-3B च्या टेबल 4(B)(1) मध्ये. खरेदी जुन्या १२ टक्के दराची असेल तर तोच दर धरा. म्हणजे ५ टक्के दराने खरं नुकसान ३,१५०. हे १५० बरेच जण विसरतात.

नाकारल्याचा लेखी शेरा आणि बॅचयादी फाइलला लावा, नष्ट होईपर्यंत माल 'विक्रीसाठी नाही' लिहून वेगळा ठेवा.