कंपनीला कळू न देता अर्ज : कन्सल्टंटच्या मेलमध्ये काय लिहावं?

बुटीबोरीत क्वालिटीला असलेल्या एका इंजिनीअरला कन्सल्टंटकडे सीव्ही पाठवायचा आहे. जाहिरातीत फक्त "नामांकित कंपनी, नागपूर" एवढंच आहे. जाणकारांनी लिहा.

जुना एचआर : आधी सीव्ही पाठवूच नका, कंपनीचं नाव विचारा. नाव झाकलेली जागा स्वतःच्याच कंपनीची निघू शकते. हिंगणा, बुटीबोरी, मिहान धरून वर्तुळ लहान आहे, आणि तोच कन्सल्टंट तुमच्या कंपनीलाही माणसं पुरवत असतो. "कृपया गोपनीय ठेवा" एवढ्या एका ओळीने काही होत नाही, कारण नेमकं काय करायचं नाही हे त्यात नसतं. असं लिहा :

"मी सध्या नोकरीत असून या अर्जाची माहिती माझ्या कंपनीत नाही. माझा सीव्ही कोणत्याही कंपनीला पाठवण्याआधी तिचं नाव कळवून माझी लेखी संमती घ्यावी. ऑफर लेटर मिळून मी ते स्वीकारेपर्यंत सध्याच्या कंपनीत चौकशी करू नये; तोवर आधीच्या कंपनीतील संदर्भ देतो. संपर्क याच मेलवर किंवा संध्याकाळी 7 नंतर मोबाईलवर करावा."

विषयात पदाचं नाव पुरे.

संत्रानगरी : काहून एवढं लांबण लावता? विषयात "गोपनीय" टाकलं की ते कायद्याने बांधलेच गेले.

जुना एचआर : नाही भाऊ. तो शब्द विनंती आहे, करार नाही. उपयोग एवढाच की सीव्ही पुढे पाठवणारा जरा थांबतो. पण लेखी "हो, विचारल्याशिवाय पाठवणार नाही" असं उत्तर आल्याशिवाय सीव्ही देऊ नका. "चिंता नका करू" असं फोनवर सांगून मेलचं उत्तर टाळलं, तर समजून जा.

मिहानवाली : माझा प्रश्न वेगळा आहे. नोटीस 90 दिवसांची आहे, ती कमी करा हे याच मेलमध्ये लिहू का?

जुना एचआर : ताई, ते ऑफरच्या वेळी बोला.

पडताळणीवाला : मेल नीट लिहूनही गोष्ट फुटते ती पडताळणीच्या फॉर्मवर. "सध्याच्या कंपनीशी संपर्क करावा का?" या रकान्यात घाईत "हो" होऊन जातं. तिथे "राजीनाम्यानंतरच" लिहा. पडताळणी करणारी संस्था बहुधा वेगळी असते. कन्सल्टंटला पाठवलेला मेल तिने पाहिलेलाच नसतो. ऑफिसच्या लॅपटॉपवरून वैयक्तिक मेलही उघडू नका. नोकरीच्या साईटवर आपली कंपनी ब्लॉक करायची सोय असेल तर वापरा, पण समूहातल्या दुसऱ्या कंपन्याही त्यात टाका.

संत्रानगरी : मग पहिल्या सीव्हीत सध्याच्या कंपनीचं नावच गाळलं तर? "वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, बुटीबोरी" एवढंच.

जुना एचआर : चालतं, मुलाखत ठरली की नाव द्या. फाईलच्या नावातूनही ते काढा.

पडताळणीवाला : मला नाही पटत. असा सीव्ही कन्सल्टंट बाजूला टाकतात, आणि बुटीबोरीत तेवढ्यावरूनही कंपनी ओळखू येते.