क्लबचे हिशोब: थकीत वर्गणी आणि आजीव सभासदांची रक्कम उत्पन्नात कशी दाखवावी?

नवा_खजिनदार: आमच्या टेनिस क्लबच्या खात्यात यंदा वर्गणीचे 2,52,000 रुपये जमा झाले. त्यांत मागील वर्षाच्या थकबाकीचे 30,000 आणि पुढील वर्षाचे आगाऊ 12,000 आहेत. शिवाय चार आजीव सभासदांचे 60,000 आणि दहा नव्या सभासदांची प्रवेश फी 5,000 आली. मी हे सारे उत्पन्नात धरले, तर लेखापरीक्षकांनी पत्रक परत पाठवले. वार्षिक सभा तोंडावर आली आहे, कृपया लवकर सांगावे.

रोखीचा_माणूस: जे हातात आले तेच उत्पन्न. न आलेल्या पैशांवर वाढावा दाखवून काय साधणार?

जुना_लेखनिक: रोखीचा माणूस म्हणतात ते जमा-खर्चाच्या पत्रकापुरते ठीक आहे; उत्पन्न-खर्च पत्रकात मात्र त्या वर्षाची वर्गणी धरायची असते, मग ती केव्हाही येवो. खजिनदारसाहेब, वार्षिक सभासद किती, वर्गणीचा दर काय आणि मागील ताळेबंदात थकीत व आगाऊ रकमा किती होत्या, हे कळल्याशिवाय आकडा सांगता येणार नाही.

सोसायटी_सचिव: आमच्याकडे प्रवेश फी राखीव निधीत जाते. तुम्हीही तेच करा.

जुना_लेखनिक: सचिवसाहेब, ती तरतूद गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींतली आहे, ती क्लबला लागू नाही.

नवा_खजिनदार: आजीव सभासद वगळून 200 सभासद, दर 1,200. मागील ताळेबंदात थकीत 42,000 आणि आगाऊ 6,000 होते. ते आगाऊ पैसे यंदाचेच होते, पण ते महत्त्वाचे वाटले नाहीत.

जुना_लेखनिक: तिथेच मेख आहे. यंदा आलेल्या रकमेतून जुने 30,000 आणि पुढचे 12,000 वजा केल्यास 2,10,000 उरतात. त्यांत गेल्या वर्षी आगाऊ आलेले 6,000 मिळवले की यंदाचे वसूल 2,16,000. येणे 2,40,000 असल्याने यंदाची थकबाकी 24,000, आणि उत्पन्न पूर्ण 2,40,000 धरावे. ताळेबंदात मात्र जुने न आलेले 12,000 धरून 36,000 येणे दिसेल, तर पुढील वर्षाचे 12,000 देण्याच्या बाजूला जातील. जुने 12,000 ज्यांच्याकडे आहेत ते सभासद क्लब सोडून गेले असतील, तर कार्यकारिणीच्या ठरावानेच ती रक्कम बुडीत खर्ची टाकावी.

आजीव सभासदांचे 60,000 एकाच वर्षाचे उत्पन्न नव्हे. ते सभासद पुढे वर्षानुवर्षे कोर्ट वापरणार आहेत. ती रक्कम आजीव सभासद निधीत ठेवून दरवर्षी ठरावीक हिस्सा उत्पन्नात घ्यावा. पंधरा वर्षे ठरवलीत, तर वर्षाला 4,000.

विश्वस्त_काका: मला हे पटत नाही. निधी अखंड ठेवावा, उत्पन्नात फक्त व्याज घ्यावे.

जुना_लेखनिक: काका, दोन्ही रीती चालतात, पण दरवर्षी बदलू नयेत.

नवा_खजिनदार: आणि प्रवेश फीचे 5,000?

विश्वस्त_काका: एका सभासदाकडून एकदाच येते, म्हणजे भांडवली.

जुना_लेखनिक: क्लबला ती दरवर्षी येते आणि रक्कम किरकोळ आहे, मी उत्पन्नात घेईन. तुमच्या नियमावलीत ती कोणत्या निधीसाठी आहे असे काही लिहिले आहे का?

नवा_खजिनदार: नियमावली माजी सचिवांकडे आहे, उद्या मागवतो.